वकिलीचा पहिला रेझ्युमे: इंटर्नशिप, मूट आणि मसुदे कसे मांडावेत

प्रश्न: बीए एलएलबी यंदा पूर्ण झालं, सनदही मिळाली. मुंबईतल्या लॉ फर्मच्या लिटिगेशन टीमला अर्ज करतोय. जमेला तीन इंटर्नशिप, दोन मूट (एकातही बक्षीस नाही) आणि चेंबरमध्ये केलेलं थोडं ड्राफ्टिंग एवढंच आहे. रेझ्युमे दीड पानाचा झालाय, तरी रिकामा वाटतो. काय बदलू?

उत्तर:

आधी तो एका पानावर आणा. करिअर ऑब्जेक्टिव्ह, जन्मतारीख, फोटो, दहावीचे छंद हे सगळं काढलंत की निम्मी जागा मोकळी होते. नावाखाली एका ओळीत सनदेची स्थिती द्या: महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची नोंदणी, तिचं वर्ष, आणि ऑल इंडिया बार परीक्षा उत्तीर्ण की निकाल बाकी. फर्मला तुम्ही कोर्टात उभे राहू शकता का हे आधी कळायला हवं असतं, आणि बरेच जण नेमकी हीच ओळ तळाशी टाकतात. त्यानंतर शिक्षण दोन ओळींत, मग इंटर्नशिप, मग मूट. ड्राफ्टिंगचा वेगळा रकाना करू नका. मसुदा ज्या इंटर्नशिपमध्ये केला तिच्याखालीच लिहा, म्हणजे तो कोणत्या कोर्टातला आणि कोणाच्या देखरेखीखालचा हे आपोआप कळतं.

रेझ्युमे रिकामा वाटतो तो बहुतेक वेळा एकाच वाक्यामुळे: ‘संशोधन व ड्राफ्टिंगमध्ये सहाय्य केले, कोर्टात उपस्थित राहिलो.’ हे प्रत्येक इंटर्नच्या रेझ्युमेत असतं, त्यामुळे वाचणारा असोसिएट त्यावरून पुढे सरकतो. ओळीत चार गोष्टी आल्या पाहिजेत: मॅटर कोणत्या प्रकारचं, कुठे चालू होतं, तुम्ही स्वतः काय लिहिलं, आणि त्या मसुद्याचं पुढे काय झालं.

समजा जिल्हा न्यायालयातल्या एका चेंबरमध्ये तुम्ही चेक बाउन्सची कामं पाहिली. मग ओळ अशी होईल: ‘निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, कलम १३८: तीन मागणी नोटिसांचे पहिले मसुदे केले. सिनियरनी सेटल केल्यावर दोन पाठवल्या गेल्या. एका तक्रारीसाठी तारखांची यादी व मुदतीचा तक्ता तयार केला.’ मूळ रेझ्युमे इंग्रजीत असेल, पण क्रम हाच ठेवा. ‘तीनपैकी दोन पाठवल्या’ असं लिहिल्याने तुमची किंमत कमी होत नाही. उलट, सिनियरनी सेटल केल्याचा उल्लेख नसला तर नवख्या माणसाने सगळं एकट्याने केल्याचा दावा दिसतो आणि तो कोणाला पटत नाही.

ही ओळ लिहिलीत की मुलाखतीत तिच्यावरच प्रश्न येणार. चेक न वटल्याची माहिती बँकेकडून ३ मार्चला मिळाली, तर नोटीस ३० दिवसांत, म्हणजे २ एप्रिलपर्यंत काढायला हवी. समोरच्याला ती २० मार्चला पोहोचली, तर पैसे देण्याची १५ दिवसांची मुदत ४ एप्रिलला संपते. तक्रारीचं कारण ५ एप्रिलला निर्माण होतं, आणि तिथून एका महिन्यात, म्हणजे ५ मेपर्यंत, तक्रार दाखल करावी लागते. इथे हमखास होणारी चूक म्हणजे १५ दिवस नोटीस पाठवल्याच्या तारखेपासून मोजणं. ते पोहोचल्यापासून मोजायचे असतात, म्हणून पोस्टाचा पोहोच अहवाल फाइलला लागतो. दुसरी चूक म्हणजे नोटिशीत चेकच्या रकमेऐवजी व्याज-खर्चासकट एकच आकडा मागणं. चेकची रक्कम स्वतंत्रपणे मागितलेली दिसली नाही तर नोटीसच अडचणीत येते. एवढं तुम्हाला न अडखळता सांगता आलं तर ती ओळ ठेवा. सांगता येत नसेल तर आधी अभ्यास करा, नाहीतर ओळ काढा.

फौजदारी मसुद्यांबाबत एक काळजी घ्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. सत्र न्यायालय किंवा उच्च न्यायालयातल्या नियमित जामिनाचं जुनं कलम ४३९ आता नव्या संहितेत ४८३ आहे. अलीकडच्या अर्जापुढे सवयीने जुनं कलम लिहिलेलं दिसलं, तर मसुदा खरंच तुम्ही केला का अशी शंका येते.

मराठीचा उल्लेख ‘भाषा’ या रकान्यात वाया घालवू नका. मुंबई उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत चालतं, पण जमिनीच्या वादातले सातबारा, फेरफार, इंडेक्स टू आणि फौजदारी प्रकरणातले पंचनामे, जबाब मराठीत असतात. तुम्ही अशी कागदपत्रं वाचून टिपण किंवा इंग्रजी भाषांतर केलं असेल, तर त्या इंटर्नशिपखाली तसं स्पष्ट लिहा. लिटिगेशन टीमला असा माणूस रोज लागतो.

आता मूट. बक्षीस नाही म्हणून ती तळाशी ढकलू नका. दोन्हींपैकी ज्या मूटचा विषय टीमच्या कामाशी जुळतो ती सविस्तर लिहा, दुसरी एका ओळीत आटपा. स्पर्धेचं नाव आणि वर्ष, मग तुमची भूमिका (वक्ता की संशोधक), मग तुम्ही लिहिलेला मुद्दा. उदाहरणार्थ: ‘वक्ता, प्रतिवादी पक्ष. मेमोरियलमधला दुसरा मुद्दा लिहिला: लवाद करारावर सही नसलेल्या समूह कंपनीला लवादात पक्षकार करता येतं का.’ नुसतं ‘सहभागी’ लिहिण्यापेक्षा यातून तुमचं डोकं कशावर चाललं ते दिसतं. जास्तीत जास्त उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेलात तर तेही लिहा, पण टीमचं यश स्वतःच्या नावावर घेऊ नका.

मूटचा मुद्दा शिळा होतो, हे मात्र फार कमी जण लक्षात घेतात. वरच्याच मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने डिसेंबर २०२३ मध्ये कॉक्स अँड किंग्ज विरुद्ध एसएपी इंडिया या प्रकरणात निकाल दिला आणि समूह कंपन्यांचं तत्त्व ग्राह्य धरलं. तुमचं मेमोरियल त्याआधीचं असेल, तर तुमचा युक्तिवाद आज कुठे टिकतो आणि कुठे पडतो हे तयार ठेवा. मुलाखत घेणाऱ्याला तुमच्या जुन्या युक्तिवादापेक्षा याच उत्तरात जास्त रस असतो.

राहिला लेखनाचा नमुना. फर्मने मागितला तर चेंबरमधला खरा मसुदा पाठवू नका, नावं काळी करूनही नाही. तारखा आणि रकमांवरून मॅटर ओळखू येतं, आणि वर्ड फाइलमध्ये जुने बदल, शेरे आणि लेखकाचं नाव दडलेलं राहतं. अशिलाची माहिती अशी बाहेर काढणारा माणूस उद्या आपल्या अशिलांचीही काढेल, असाच अर्थ लावला जातो. रेझ्युमेतही अशिलाचं नाव नको, ‘एका बांधकाम कंपनीच्या वतीने’ एवढं पुरेसं आहे. नमुना म्हणून मेमोरियलमधला फक्त तुम्ही लिहिलेला मुद्दा काढा, पाच-सहा पानांत बसवा, वर दोन ओळींत वस्तुस्थिती द्या आणि प्रत्येक निवाड्याचा संदर्भ पुन्हा तपासा. किंवा काल्पनिक नावं आणि तारखा घेऊन कलम १३८ ची नोटीस आणि तक्रार नव्याने लिहून काढा. दोन्ही पीडीएफमध्येच पाठवा, आणि ज्या सिनियरनी तुमचं काम सेटल केलं त्यांना ‘तुमचं नाव संदर्भासाठी देऊ का’ असं आधी विचारून घ्या.