सोल जांभळा झाला, तर आधी आलेख बघ

सांगलीच्या लॅबमधला तुझा सोन्याचा सोल, म्हणजे पाण्यात विखुरलेले सोन्याचे नॅनोकण, जांभळट आला, म्हणून कण मोठे झाले असं लगेच लिहू नकोस. सायट्रेटने केलेल्या साधारण 15 नॅनोमीटरच्या गोल कणांत मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एकत्र हेलकावतात आणि सुमारे 520 नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश शोषतात, म्हणून सोल माणकासारखा लाल दिसतो. कण 50 नॅनोमीटरचे झाले तरी शोषणाचं शिखर जेमतेम 530 च्या आसपास सरकतं. नुसत्या आकारमानाने इतका रंग पालटत नाही.

म्हणून 400 ते 800 नॅनोमीटरपर्यंत शोषणाचा पूर्ण स्कॅन घे. 520 चं शिखर खचून 600 च्या पुढे रुंद फुगवटा आला असेल, तर कण एकमेकांना चिकटलेत. माझा पहिला संशय काचेवर. शेवटची धुणी बोअरच्या पाण्याची असेल, तर त्यातले क्षार सायट्रेटच्या ऋणभाराचं प्रतिकर्षण झाकतात आणि गुठळ्या होतात. काच डिस्टिल्ड पाण्याने विसळून पुन्हा कर. खात्रीसाठी चांगल्या लाल सोलच्या थोड्या भागात मिठाचं पाणी थेंबथेंब घाल, तोच फुगवटा उगवेल.

कांडीसारख्या लांबट कणांचं मात्र वेगळं. तिथे दोन शिखरं असतात, आणि कांडी जाडीच्या मानाने जितकी लांब, तितकं दुसरं शिखर तांबड्याच्या पलीकडे जातं.