साठ हजार, तीन हजार, चोवीस

चि. बाळ,

काल तू गाडीच्या शोरूमचा कर्जाचा कागद दाखवलास आणि म्हणालीस, "काका, दहा टक्केच तर आहे." कर्ज 60,000, हप्ता 3,000, मुदत 24 महिने. अगं, दहा टक्के हे तो माणूस म्हणाला. तू कुठे मोजलेस?

त्याचा हिशेब सोपा आहे. हप्ते मिळून 72,000, त्यातले 12,000 व्याज, म्हणजे वर्षाला 6,000, साठ हजारांवर दहा टक्के. पण साठ हजार तुझ्याकडे पहिला महिनाभरच असतात! शेवटच्या महिन्यात तीन हजारसुद्धा उरलेले नसतात. व्याज उरलेल्या मुद्दलावरच मोजायचं.

वही घे. महिन्याला दीड टक्का धरून बघ. पहिल्या महिन्याचं व्याज 900, म्हणून हप्त्यातले 2,100 मुद्दलात गेले आणि 57,900 उरले. पुढचं व्याज या 57,900 वर. अशा चोवीस ओळी उतरलीस की शेवटी बाकी उणे 130 च्या आसपास येते, म्हणजे धरलेला दर कमी पडला. 1.6 टक्के धरून केलंस तर साधारण 880 रुपये फेडायचे राहतात, म्हणजे दर जास्त झाला. खरा दर या दोहोंमध्ये, दीडच्या अगदी जवळ: 1.513. वर्षाचा 18.16 टक्के. खरे दहा टक्के असते, तर हप्ता 2,769 रुपये बसला असता.

कंटाळा आला तर एक्सेलमध्ये हे टाक:

```
=RATE(24,-3000,60000)*12
```

हप्त्याआधीचं उणे चिन्ह विसरलीस तर `#NUM!` दिसेल.

आणि प्रोसेसिंग फी? ते 1,500 आधीच कापून घेणार आहेत. मग 60,000 च्या जागी 58,500 लिही, कारण हातात तेवढेच पडले. दर 20.8 च्या घरात जातो. हप्ता तोच, मुदत तीच.

माझ्या पहिल्या गाडीच्या वेळी मीही असाच, शेवटपर्यंत पूर्ण कर्जावर मोजलेला "फ्लॅट रेट" ऐकून सही केली. गणित येत नव्हतं असं नाही. आईला दवाखान्यात न्यायची घाई होती, आणि मेहुणा जामीन राहायला तयार होऊन शेजारी उभा होता. त्याच्यासमोर वही काढायची लाज वाटली. आजही वाटतं, घाई खरी होती. पण दहा मिनिटं होती माझ्याकडे, हेही खरं. म्हणून पुन्हा सांगतो, वैतागू नकोस: उरलेल्या मुद्दलावर!

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 1 ऑक्टोबर 2024 पासून अशा नव्या कर्जांसोबत की फॅक्ट स्टेटमेंट, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचा कागद, द्यावं लागतं, त्यात फीसकटचा वर्षाचा दर एपीआर म्हणून छापलेला असतो. उद्या सहीआधी तो कागद माग आणि तुझ्या वहीतल्या 20.8 शेजारी ठेव. जुळला नाही तर कुठला खर्च तुला सांगितलेला नाही, ते तिथेच विचार. मी दुपारी घरीच आहे, फोन कर.

तुझा काका