वडिलांच्या रिपोर्टमधला एलडीएल ६० की ७६? फ्रीडवाल्ड सूत्राची मर्यादा

प्रश्न : वडिलांची अँजिओप्लास्टी झाली आहे. एका लॅबच्या रिपोर्टवर एलडीएल ६० आला, बाजूला 'कॅल्क्युलेटेड' लिहिलं आहे. टोटल १६२, एचडीएल ३४, ट्रायग्लिसराइड ३४०. चार दिवसांनी दुसऱ्या लॅबने 'डायरेक्ट' एलडीएल ७६ दिला. खरा कोणता धरायचा?

उत्तर : मी लॅबच्या बायोकेमिस्ट्री विभागात रोज असे रिपोर्ट तपासून सही करतो. या दोन आकड्यांपैकी ६० वर विसंबू नका, असे मी स्पष्टपणे सांगेन. पहिल्या लॅबने एलडीएल मोजलेलाच नाही. तिने टोटल कोलेस्टेरॉल, एचडीएल आणि ट्रायग्लिसराइड मोजले आणि उरलेला आकडा वजाबाकीने काढला :

```
LDL = TC - HDL - TG/5
162 - 34 - 340/5 = 60
```

हे फ्रीडवाल्ड, लेव्ही आणि फ्रेडरिक्सन यांचे १९७२ सालचे सूत्र आहे. रक्तातले कोलेस्टेरॉल मुख्यतः एलडीएल, एचडीएल आणि व्हीएलडीएल या कणांत असते. त्यातले व्हीएलडीएल वेगळे मोजायला अल्ट्रासेंट्रिफ्यूज लागतो आणि तो नेहमीच्या लॅबमध्ये नसतो. उपाशीपोटी घेतलेल्या नमुन्यात बहुतेक ट्रायग्लिसराइड व्हीएलडीएलमध्येच असते आणि त्या कणांत कोलेस्टेरॉलच्या साधारण पाचपट ट्रायग्लिसराइड असते, असे गृहीत धरून तिघांनी पाचने भागण्याचा सोपा मार्ग काढला. सगळा आकडा या 'पाच'वर उभा आहे.

ट्रायग्लिसराइड वाढते तेव्हा मात्र हे पाच टिकत नाहीत. यकृत मोठे, ट्रायग्लिसराइडने गच्च भरलेले व्हीएलडीएल कण सोडू लागते, म्हणून त्या कणांतले कोलेस्टेरॉल पाचव्या हिश्श्यापेक्षा कमी भरते. आपण मात्र पाचनेच भागतो, व्हीएलडीएलच्या नावाने जास्त वजा करतो आणि एलडीएल खोटा कमी दिसतो. तुमच्या वडिलांच्या बाबतीत वजा केलेला आकडा ६८ आहे, म्हणजे उरलेल्या ६० पेक्षाही मोठा. तिथे पाचाऐवजी सात हे प्रमाण असते, तर वजाबाकी ४९ ची झाली असती आणि एलडीएल ७९ आला असता. एलडीएल १६० असलेल्या माणसाच्या रिपोर्टमध्ये अशा फरकाने फारसे बिघडत नाही. स्टॅटिन घेणाऱ्या आणि ७० च्या खाली उतरण्याची धडपड करणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत मात्र याच फरकावर निर्णय ठरतो.

ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले, तर हे सूत्र वापरायचे नाही, ही मर्यादा सूत्राबरोबरच आली आहे. म्हणून अशा वेळी अनेक लॅब एलडीएलची जागा रिकामी सोडतात. पण ३९९ पर्यंत सगळे ठीक आणि ४०१ ला बिघडले, असे होत नाही. एलडीएल ७० च्या खाली आणि ट्रायग्लिसराइड १५० च्या वर असले, की मी आकड्याकडे संशयानेच पाहतो.

जेवून दिलेल्या नमुन्यात आणखी एक भर पडते. त्यात आतड्यातून आलेले कायलोमायक्रॉन असतात. त्यांत ट्रायग्लिसराइड भरपूर आणि कोलेस्टेरॉल नावापुरते असते. ते फार असतील तर नळी फिरवल्यावर वरचे सीरम दुधासारखे पांढरे दिसते आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवल्यावर त्यावर सायीसारखा थर जमतो. अशा नमुन्यावर हे सूत्र चालवूच नये. टाइप थ्री डिसलिपिडिमिया या दुर्मीळ आनुवंशिक विकारात चूक उलट्या दिशेने होते : तिथले व्हीएलडीएल कोलेस्टेरॉलने भरलेले असल्यामुळे एलडीएल खोटा जास्त येतो.

२०२० साली सॅम्पसन आणि सहकाऱ्यांनी दिलेले सूत्र ट्रायग्लिसराइड ८०० पर्यंत चालते. तुमचे आकडे त्यात घातले, तर एलडीएल सुमारे ७४ येतो, म्हणजे दुसऱ्या लॅबच्या ७६ च्या अगदी जवळ. डायरेक्ट पद्धतही सर्वस्वी निर्दोष नाही. ट्रायग्लिसराइड फार वाढले, की वेगवेगळ्या कंपन्यांच्या रिएजंटचे आकडे जुळत नाहीत. शिवाय तुमचे नमुने चार दिवसांच्या अंतराने घेतलेले आहेत. तरीही इथे दोन वेगळ्या वाटा एकाच ठिकाणी पोहोचतात, म्हणून मी ७५ च्या आसपासचा आकडा विश्वासार्ह मानतो.

या वादात न अडकणारा एक आकडा तुमच्या पहिल्याच रिपोर्टमध्ये आहे : टोटलमधून एचडीएल वजा करा, १६२ वजा ३४, म्हणजे १२८. हे नॉन-एचडीएल कोलेस्टेरॉल. त्यात ट्रायग्लिसराइडचा भागाकार येतच नाही आणि ते जेवल्यानंतरच्या नमुन्यातही फारसे बदलत नाही. त्याचे लक्ष्य एलडीएलच्या लक्ष्यापेक्षा ३० ने जास्त धरतात. डॉक्टरांनी एलडीएल ७० च्या खाली सांगितला असेल, तर नॉन-एचडीएल १०० च्या खाली हवे. ६० पाहून औषध पुरेसे आहे असे वाटते, १२८ पाहिल्यावर तसे म्हणता येत नाही. दोन्ही रिपोर्ट हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा, ३४० चे कारण, म्हणजे साखर, दारू, थायरॉइड किंवा एखादे औषध, त्यांना शोधू द्या आणि तोपर्यंत ६० च्या भरवशावर वडिलांची गोळी कमी करू नका.