पेनिसिलिन चालू असताना क्लिंडामायसिन कशासाठी

"लेकीला स्कार्लेट फीवर झाला तेव्हा नुसत्या अमॉक्सिसिलिनवर भागलं. आता दिरांना त्याच जंतूचा, स्ट्रेप्टोकोकसचा, टॉक्सिक शॉक आहे म्हणतात. पेनिसिलिन चालू असताना वर क्लिंडामायसिन कशाला? आणि इम्युनोग्लोब्युलिनच्या बाटल्या आणायच्या का?"

ताई, परभणीकडच्या अशाच एका रुग्णाची गोष्ट सांगतो. पऱ्हाटीचे खुंट त्याच्या पोटरीत घुसले होते. दुसऱ्या दिवशी जखमेभोवती बोटभरच लाली होती, पण पाय टेकवत नव्हता. स्नायू दुखावला असे समजून कोणीतरी डायक्लोफेनॅक दिले, ताप दबला आणि एक दिवस वाया गेला. आमच्याकडे आला तेव्हा रक्तदाब ८०/५०, क्रिएटिनिन २.६ आणि अंग उन्हाने भाजल्यासारखे लाल होते. जखम लहान आणि वेदना अफाट, ही खूण मी तेव्हापासून विसरलेलो नाही.

पेनिसिलिन जंतूची भिंत बांधू देत नाही, म्हणून ते वाढत्या जंतूंवरच नीट चालते. घशातले जंतू तुलनेने कमी आणि वाढते असतात, त्यामुळे तुमच्या लेकीला १० दिवसांचे अमॉक्सिसिलिन पुरले. पोटरीत मात्र जंतूंची इतकी दाटी होते की त्यांची वाढ थंडावते; तिथे पेनिसिलिन लंगडे पडते, हे हॅरी ईगल यांनी १९५२ मध्ये उंदरांवर दाखवले. वाढ थंडावली तरी रक्तदाब पाडणारे त्यांचे विष सुटतच राहते. हे विष म्हणजे प्रथिन असते, आणि क्लिंडामायसिन जंतूचा प्रथिने बनवण्याचा कारखानाच अडवते. आम्ही दर ८ तासांनी ९०० मिलिग्रॅम शिरेतून दिले. ते एकटे मात्र द्यायचे नसते, कारण काही जंतू त्याला दाद देत नाहीत. म्हणून पेनिसिलिन चालूच ठेवतात. त्याच रात्री सर्जननी पोटरी उघडून कुजलेला भाग काढला. ते राहिले असते तर दोन्ही औषधे अपुरी पडली असती.

तयार झालेले विष क्लिंडामायसिनने जात नाही. ते निकामी करण्यासाठी इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे दात्यांच्या रक्तातली प्रतिपिंडे, देतात. नेहमीचा हिशेब पहिल्या दिवशी किलोमागे १ ग्रॅम, पुढचे दोन दिवस अर्धा ग्रॅम असा आहे. ६० किलोच्या माणसाला एकूण १२० ग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅमच्या २४ बाटल्या लागतात. पुरावा मात्र तोकडा आहे: २००३ मध्ये प्रसिद्ध झालेली युरोपातली चाचणी पुरेसे रुग्ण न मिळाल्याने २१ जणांवरच थांबली, औषध मिळालेल्यांत मृत्यू कमी दिसले, पण फरक संख्याशास्त्राने सिद्ध झाला नाही. स्टॅफिलोकोकस या दुसऱ्या जंतूच्या टॉक्सिक शॉकमध्ये पुरावा त्याहून कमी आहे. तिथे जखमेतले पॅकिंग किंवा टॅम्पॉन आत राहिले आहे का, हे आधी पाहावे लागते.

म्हणून माझे मत असे, की शस्त्रक्रिया आणि दोन्ही अँटिबायोटिक्स होऊनही रक्तदाब सावरत नसेल, तर डॉक्टर म्हणतील त्याप्रमाणे पहिल्या दिवसाच्या बाटल्या लगेच आणाव्यात. आठवड्याने आणलेल्यांचा फारसा उपयोग नाही. आमच्या रुग्णाला त्या परवडल्या नाहीत, तरी तो वाचला. पोटरीवर मात्र मांडीची कातडी लावावी लागली.