बीटाडीनच्या गुळण्या: पाणी किती, वेळ किती

प्रश्न: दोन दिवस घसा दुखतोय. बीटाडीन गार्गल आणलंय. ते तसंच घ्यायचं की पाण्यात? किती वेळ धरायचं? थोडं पोटात गेलं तर? आईचाही घसा धरलाय, तिला थायरॉईडची गोळी चालू आहे, तिला देऊ का?

उत्तर: आधी बाटली बघा. 'गार्गल' लिहिलेलं २ टक्के पोव्हिडोन आयोडीनच हवं. जखमेवर लावायचं ५ किंवा १० टक्क्यांचं औषध गुळण्यांसाठी नाही, रंग सारखाच दिसला तरी.

बाटलीच्या झाकणाने ५ मिली औषध घ्या आणि त्यात तेवढंच कोमट पाणी घाला. कडकडीत गरम पाणी नको, आयोडीन उडून जातं. पाणी घातल्याने औषध निकामी होईल ही भीती अनाठायी आहे. आयोडीन पोव्हिडोनला धरून असतं आणि पातळ केल्यावर ते जास्त सुटं होतं. जंतू मारतं ते हे सुटं आयोडीनच. मिश्रण मात्र दर वेळी ताजं करा.

आता वेळ. एकूण ३० सेकंद औषध घशाला लागलं पाहिजे. बहुतेक जण पाच-सात सेकंदांत थुंकतात आणि 'फरक पडत नाही' म्हणतात. एका दमात जमत नसेल तर अर्धा घोट घ्या, मान मागे करून 'आऽऽ' असा आवाज काढत पंधरा सेकंद खळखळवा, थुंका, मग उरलेल्या अर्ध्याने तेच करा. आवाज काढत राहिलात की श्वास बाहेर जात राहतो आणि औषध खाली उतरत नाही. नंतर अर्धा तास काही खाऊ-पिऊ नका, चूळही भरू नका. दिवसातून तीन-चार वेळा पुरे.

गिळण्याचा हिशोब असा. त्या १० मिलीत साधारण १० मिलिग्रॅम आयोडीन असतं. मोठ्या माणसाची दिवसाची गरज ०.१५ मिलिग्रॅम. म्हणजे दहावा हिस्सा जरी पोटात गेला तरी गरजेच्या सहा-सात पट झालं. एखाद्या वेळी गेलं तर घाबरू नका, पण दिवसाला चारदा, आठवडाभर असं होत राहिलं तर थायरॉईडचं गणित बिघडू शकतं. म्हणून आईंना हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या आया, लिथियम घेणारे, आयोडीनची ॲलर्जी असणारे यांनाही नको. सहा वर्षांखालच्या मुलांना तर नकोच, त्यांना थुंकताच येत नाही. आईंना कोमट पाण्याच्या पेल्यात अर्धा चमचा मीठ द्या. तेवढ्यानेही घशाला आराम पडतो.

गुळणी टॉन्सिलच्या पुढच्या भागापर्यंतच पोचते, आत रुजलेला जिवाणूंचा संसर्ग तिने जात नाही. जोराचा ताप, टॉन्सिलवर पांढरे ठिपके, एकाच बाजूला सूज, तोंड नीट न उघडणं किंवा थुंकीही गिळता न येणं, यातलं काही दिसलं तर गुळण्यांत दिवस घालवू नका, त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.