पावलांच्या आवाजामागे समुद्राची गाज

प्रश्न: घर मालवणात किनाऱ्यालगत. ॲनिमेशनसाठी पावलं, कापड, दार घरीच रेकॉर्ड करतोय, पण मागे गाज येते. कशी काढू?

उत्तर: काढू नका, आधीच कमी येऊ द्या: आतल्या खोलीत गोधड्या टांगा आणि माइक पावलापासून फूटभरावर ठेवा. अंतर निम्मं केलं की पाऊल साधारण ६ डेसिबलने वर येतं, गाज मात्र तेवढीच राहते. गाज खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंत पसरलेली असते, म्हणून फक्त खालची पट्टी कापून भागत नाही. नॉइज रिडक्शन जास्त लावलं तर पाऊल पाण्यातून आल्यासारखं ऐकू येतं. वाळूवरची पावलं हवी असतील तर वाळू परातीत नको, पत्रा वाजतो, गोणपाटावर पसरा. कापडाचा आवाज सर्वांत हळू, तो पंखा बंद करून रात्री घ्या. दाराला मात्र फूटभराचा नियम लावू नका. फूटभरावरून नुसती कडी ऐकू येते, लाकडाचं वजन येत नाही. तिथे तीनेक फूट मागे सरा.