जुन्या सहकाऱ्याकडे रेफरल मागताना काय लिहावं?

प्रश्न: आधीच्या कंपनीतल्या सहकारी मैत्रिणीकडे सॉफ्टवेअरच्या जागेसाठी रेफरल मागायचाय, रेझ्युमेही जोडतोय. मेसेजमध्ये काय लिहू?

उत्तर: तिला सहसा कंपनीच्या पोर्टलवर फॉर्म भरावा लागतो: जॉब आयडी, तुमचा ईमेल, रेझ्युमे आणि ‘उमेदवाराला कसं ओळखता’ हा रकाना. या शेवटच्या रकान्यापाशी काम अडतं आणि मेसेज पडून राहतो. म्हणून त्याचा मजकूर तुम्हीच पुरवा.

“हाय, कशी आहेस? तुमच्याकडे बॅकएंड इंजिनिअरची जागा निघालीये, जॉब आयडी आणि लिंक खाली देतोय. पेमेंट सर्व्हिसचं मायग्रेशन आपण मिळून केलं होतं, डेटाबेसची बाजू माझ्याकडे होती. ते काम आठवून रेफर करावंसं वाटलं तर करशील का? नाही जमलं तरी अजिबात हरकत नाही. रेझ्युमे जोडलाय.”

नुसतं ‘काही ओपनिंग असेल तर सांग’ लिहू नका, शोधायचं काम तिच्या गळ्यात पडतं. रेझ्युमे पीडीएफच द्या, फाइलच्या नावात तुमचं नाव आणि पद असू द्या.

आणि तिचं उत्तर येण्याआधी स्वतः अर्ज टाकू नका. बऱ्याच कंपन्यांत तुमचा अर्ज आधीच असेल, तर नंतरचा रेफरल धरला जात नाही. मात्र शेवटची तारीख अगदी जवळ असेल, तर मेसेजमध्ये ती स्पष्ट लिहा.